दोन सेहेचाळीस

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या सरावाच्या माझ्या वहीत एकाच आठवड्यातल्या दोन नोंदी शेजारी शेजारी आहेत. मंगळवारी पाच शॉटचे ४६, शुक्रवारीही ४६. नुसते गुण पाहिले तर प्रगती शून्य. पण टार्गेटवरची भोकं वेगळंच बोलत होती.

मंगळवारचे पाचही शॉट डावीकडे गोळा झाले होते. शुक्रवारचे चारही दिशांना पांगले होते. हा फरक आकड्यात धरायला पट्टी पुरते. केंद्रापासून प्रत्येक भोक किती मिलिमीटर डावी-उजवीकडे आणि किती वर-खाली, ते लिहायचं. मोजायचं ते भोकाच्या मध्यापासून. पाच शॉट एकाच कार्डावर मारले तर भोकं एकमेकांत मिसळतात, म्हणून दर शॉटला नवं कार्ड बरं.

मंगळवारी आडवे आकडे होते डावीकडे १०, ६, १४, ८ आणि १२. बेरीज ५०, सरासरी १०. उभ्या आकड्यांची सरासरी शून्य. म्हणजे घोळक्याचा मध्य केंद्राच्या १० मिमी डावीकडे. आता या मध्यापासून प्रत्येक शॉट किती लांब? सरासरी साडेपाच मिमीच्या आत. शुक्रवारी मध्य नेमका केंद्रावर, पण तेच सरासरी अंतर साडेदहा मिमी, जवळजवळ दुप्पट.

या टार्गेटवर एका गुणाची पट्टी ८ मिमी रुंद असते. मंगळवारचा घोळका जसाच्या तसा १० मिमी उजवीकडे सरकवला तर ४६ चे ४९ होतात. शुक्रवारचा कुठेही सरकवा, फायदा नाही.

अनेक जण घोळक्याचा आकार म्हणून सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर लिहितात. ते चटकन मोजता येतं, पण एकच चुकलेला शॉट ते फुगवतो आणि शॉट वाढले की ते वाढतच जातं. पाच शॉटचं अंतर दहा शॉटच्या अंतराशी ताडून पाहणं व्यर्थ. मध्यापासूनची सरासरी त्यामानाने स्थिर राहते.

मंगळवारी मागची साइट उजवीकडे फिरवायला हात शिवशिवत होते. फिरवली नाही, हे नशीब. शुक्रवारी साइट तीच असून मध्य केंद्रावर आला, म्हणजे डावीकडची ओढ बहुधा साइटची नव्हती. मंगळवारच्या नोंदीच्या कडेला मीच पेन्सिलीने लिहिलं होतं: 'घाम, मूठ दोनदा सुटली.'

तेव्हापासून सलग तीन सत्रांत मध्य एकाच बाजूला गेला तरच साइटला हात लावते. दोन-तीन मिमीची सरक तर सोडूनच देते, कारण पाच शॉटच्या मध्याचा अंदाजच तेवढा डळमळता असतो. मध्य दर सत्राला जागा बदलत असेल, तर आधी पायांची जागा आणि मूठ तपासते.