अडीच किलो की अडीच हजार?

जर्मनीतल्या कोलोन शहरात दर दोन वर्षांनी 'अनुगा' हे खाद्यपदार्थांचं मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं. २०२५ मध्ये ते ४ ते ८ ऑक्टोबरला झालं. समजा, तिथे सांगलीच्या एका हळद निर्यातदाराच्या स्टॉलवर स्पेनच्या मुर्सियाहून आलेला मसाल्यांचा खरेदीदार थांबला. त्याने हळकुंड मोडून आतला रंग पाहिला, पूड बोटावर चोळली, नमुना पाठवायला सांगितलं आणि कार्ड ठेवून गेला. हातवारे, मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर आणि दोघांचंही जेमतेम इंग्रजी यांवर दहा मिनिटं निभावून गेली. खरी पंचाईत होते ती सांगलीत परतल्यावर, त्याला ईमेल लिहायला बसलं की.

कारण हा ईमेल तीन भाषांतून जाणार असतो. मनात मराठीत जुळतो, इंग्रजीत उतरतो आणि पलीकडे भाषांतराचं बटण दाबून स्पॅनिशमध्ये वाचला जातो. कधी निर्यातदार स्वतःच ते बटण दाबून स्पॅनिश मजकूर पाठवतो. दोन्ही वेळा मधला मुक्काम इंग्रजीचाच, आणि सांडलवंड होते ती तिथेच.

पहिली अडचण नावाचीच. कार्डावर व्यक्तिनामानंतर 'गार्सिया लोपेझ' असं लिहिलेलं असतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाची सवय असलेला मराठी माणूस शेवटचा शब्द उचलतो आणि 'डिअर मिस्टर लोपेझ' लिहून मोकळा होतो. स्पॅनिश माणसाला मात्र दोन आडनावं असतात. रूढ क्रमात पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. हाक मारायची ती पहिल्याने. म्हणजे हे गृहस्थ सेन्योर गार्सिया. स्पॅनिश पत्रात या मायन्यानंतर स्वल्पविराम येत नाही, अपूर्णविराम येतो, म्हणजे दोन टिंबं. पत्र जाणत्या हाताचं आहे की नाही, हे तेवढ्यावरूनही कळतं.

मग येतो 'यू'. मराठीत 'तुला नमुना पाठवतो' आणि 'तुम्हाला नमुना पाठवतो' यांत केवढं अंतर आहे, हे सांगायला नको. स्पॅनिशमध्येही हा भेद आहे: जवळिकीचा 'तू' आणि आदराचा 'उस्तेद'. गंमत म्हणजे पहिला शब्द मराठीशी तंतोतंत जुळतो. इंग्रजीत मात्र दोघांनाही 'यू' हा एकच सदरा. त्यामुळे भाषांतर करणारं यंत्र अंदाजाने एक रूप निवडतं आणि काही वेळा एकाच पत्रात वरच्या ओळीत आदर, तर खालच्या ओळीत एकेरी अशी खिचडी होते. स्पेनमधले व्यापारी लवकर एकेरीवर येतात. कोलंबियात 'उस्तेद' बराच काळ टिकतो. पहिल्या पत्रात 'उस्तेद' ठेवणं सुरक्षित. स्पॅनिश मजकूर पाठवायचाच असेल, तर जिथे जिथे 'तुम्हाला' असं म्हणायचंय तिथे 'ते' आलंय की 'ले', एवढं शोधून पाहावं. 'ते' हे एकेरी, 'ले' हे आदरार्थी.

यापेक्षा महाग पडणारी चूक आकड्यांत होते. आपल्याकडे वजनकाट्यावर अडीच किलो २.५०० असे दिसतात आणि ईमेलमध्येही तसेच उतरतात. स्पेनच्या व्यापारी कागदांत मात्र पूर्णविरामाचं टिंब हजार वेगळे करायला वापरण्याची जुनी सवय आहे आणि दशांशासाठी स्वल्पविराम. त्यामुळे '२.५०० किलोचा नमुना' हे गार्सिया अडीच हजार किलो असं वाचू शकतात. उलट, टनाचा भाव म्हणून लिहिलेले १,८५० डॉलर त्यांना एक पूर्णांक पंच्याऐंशी शतांश वाटू शकतात, आणि मग हा किलोचा भाव असावा असा समजही होऊ शकतो. लाखाचा आपला स्वल्पविराम तर त्यांना अनोळखीच. मेक्सिकोत पुन्हा दशांशाला आपल्यासारखंच टिंब वापरतात. म्हणून नियम एकच: नमुना ग्रॅममध्ये, चिन्हाशिवाय, '२५०० ग्रॅम' असा लिहायचा, टनाचा भाव '१८५० डॉलर' असा सलग लिहायचा आणि पुढे 'दर मेट्रिक टनाला' हे शब्दांत. तारखेतला महिनाही शब्दांतच.

काही गोष्टी उलट भाषांतरातून सुखरूप पार होतात, आणि पत्राचा भार त्यांच्यावर टाकावा. हळदीचा ०९१०३० हा सहा अंकी सीमाशुल्क संकेतांक सांगलीत आणि मुर्सियात तोच असतो. 'सीआयएफ वॅलेन्सिया' म्हटलं की माल, विमा आणि वॅलेन्सिया बंदरापर्यंतचं जहाजभाडं भावात धरलंय, हे दोघांनाही कळतं. ही तीन अक्षरं स्पॅनिश कागदांतही तशीच राहतात. 'फिंगर' हा आपल्या बाजारातला हळकुंडाचा इंग्रजी शब्द मात्र बेभरवशाचा. संदर्भ सुटला तर हळदीऐवजी हाताचं बोट पुढे येतं. 'अख्खी, वाळवलेली, पॉलिश केलेली हळद' असं सरळ लिहिलेलं बरं.

तसंच भारतीय इंग्रजीतल्या लाडक्या शब्दांचं. 'प्लीज रिव्हर्ट' म्हणजे 'कृपया उत्तर द्या', हे आपल्या कचेऱ्यांत सगळ्यांना माहीत. स्पॅनिशमध्ये 'रेव्हेर्तिर' म्हणजे पूर्वस्थितीत नेणं, उलटवणं. शब्दशः भाषांतर झालं, तर गार्सियांना नेमकं काय उलटवायचं ते कळणार नाही.

ही चूक पकडायला बरेच जण स्पॅनिश मजकूर पुन्हा इंग्रजीत फिरवून पाहतात. इथेच सापळा आहे. यंत्राने 'रिव्हर्ट'चं 'रेव्हेर्तिर' केलं असेल, तर परत येताना ते मुकाट्याने पुन्हा 'रिव्हर्ट' होतं. लिहिणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. हातातलं स्पॅनिश थेट मराठीत फिरवलं, तर चूक उघडी पडण्याची शक्यता जास्त, कारण तिथे तोच इंग्रजी शब्द तिला झाकायला नसतो. तरीही भाव आणि अटींच्या ओळी स्पॅनिश जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घ्याव्यात. वर स्पॅनिश, खाली इंग्रजी असा मजकूर ठेवून, फरक दिसल्यास इंग्रजी ग्राह्य धरावं असं एका वाक्यात लिहिलं, तर पुढची कटकट टळते.

एवढं सगळं सांभाळून लिहिलेला ईमेल छोटाच होतो. विषयाच्या ओळीत प्रदर्शनाचं नाव, हळद आणि नमुना. पहिल्या वाक्यात भेटीची खूण: तुम्ही हळकुंड मोडून रंग पाहिला होता. मग मालाचं वर्णन, कर्क्युमिनचं प्रमाण, वाफेने निर्जंतुक केलंय की नाही, भाव आणि तो कधीपर्यंत लागू. शेवटी एकच प्रश्न: नमुना कोणत्या पत्त्यावर पाठवू?

आता गार्सियांचं उत्तर आलं असं धरू. तेही इंग्रजीत, पण स्पॅनिश वळणाचं: "अ‍ॅक्च्युअली वुई बाय फ्रॉम पेरू. प्लीज सेंड ऑफर विदाउट कॉम्प्रमाइज फॉर इव्हेंच्युअल ऑर्डर." सांगलीत हे वाचून मनावर मळभ येतं. खरं तर आम्ही पेरूहून घेतो, भाव तडजोड न करता सांगा, ऑर्डर शेवटी कधीतरी देऊ, असा काहीसा तुसडा अर्थ लागतो. पण स्पॅनिशमध्ये 'आक्तुआल्मेंते' म्हणजे 'सध्या'. 'सिन कोम्प्रोमिसो' म्हणजे 'कसलंही बंधन न धरता'. 'एव्हेन्तुआल' म्हणजे 'झाल्यास होईल अशी'. हे शब्द मनात ठेवून तेच उत्तर पुन्हा वाचलं, की ते असं होतं: सध्या आम्ही पेरूहून घेतो, ऑर्डर निघू शकेल, तेव्हा खरेदीचं बंधन न धरता भाव पाठवा.

उत्तराच्या तळाशी मुर्सियातल्या गोदामाचा पत्ता आहे. सांगलीत २५०० ग्रॅमचं पाकीट बांधायला घेतलं जातं.