सत्तर अक्षरांचा स्मरण-संदेश

आपल्या बारामती येथील रुग्णालयातर्फे इंदापूरला चालविल्या जाणाऱ्या मधुमेह तपासणी दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकच दिवस जातात. रुग्णाची तारीख चुकली की पुढचा आठवडा उजाडतो. म्हणून नोंदवहीतील तारखा संगणकावर घेऊन, एकगठ्ठा संदेश पाठविणाऱ्या सेवेमार्फत आदल्या सायंकाळी रुग्णांच्या मोबाईलवर आपोआप स्मरण-संदेश जाईल, अशी व्यवस्था आम्ही केली.

आमचा पहिला संदेश असा होता : ‘उद्या १० वाजता इंदापूर दवाखान्यात तपासणी आहे. उपाशीपोटी यावे.’ एका वृद्ध गृहस्थांचा फोन रात्रभर बंद होता. तो सकाळी सुरू झाला तेव्हा संदेश पोहोचला, पण त्यात शब्द ‘उद्या’ होता! ते दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी आले, तेव्हा दवाखान्याला कुलूप होते. मधुमेही माणसाला असे ताटकळत ठेवणे धोक्याचे. चूक सर्वस्वी आमचीच होती.

‘उद्या’ काढून आम्ही ‘बुधवारी १२ जुलै’ असे लिहू लागलो. आपल्याकडे तारखेपेक्षा वार लक्षात राहतो. परंतु देवनागरीतील एका संदेशात ७० अक्षरेच मावतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, मोकळी जागा हे सारे वेगळे मोजले जाते. डोळ्यांना चार अक्षरांचे दिसणारे ‘इंदापूर’ तेथे ७ भरते. नवा मजकूर ७१ झाला. एका अक्षरापायी प्रत्येक रुग्णामागे दोन संदेशांचा आकार लागू लागला. ‘आहे’ हा शब्द गाळताच मजकूर ६७ वर आला. सप्टेंबरसारखे लांब नाव आले तर तो पुन्हा ७० ओलांडेल, म्हणून आता महिनाही अंकात लिहितो.

मात्र ‘आहे’ गाळल्यावर संदेश पोहोचेनासे झाले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थेची, पाठविणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याचीही आगाऊ नोंदणी लागते. नमुन्यात बदलत्या तपशिलासाठी जागा सोडलेली असते; बाकी शब्द नोंदीप्रमाणेच हवेत, नाहीतर दूरसंचार कंपनी संदेश अडविते. आम्ही मजकूर बदलला, नोंद बदलली नव्हती. पडद्यावर Submitted दिसत होते, ते आम्ही ‘पोहोचला’ असे समजलो. वस्तुतः त्याचा अर्थ सेवेने संदेश स्वीकारला, एवढाच. फोनपर्यंत गेल्याची खूण DELIVRD ही.

आता सुधारित नमुना मंजूर करून घेतला आहे. संदेश दोन दिवस आधी जातो आणि आदल्या सकाळी परिचारिका ही खूण नसलेल्या रुग्णांची यादी काढून त्यांना दूरध्वनी करते. अनेकदा नोंदविलेला क्रमांक मुलाचा किंवा शेजाऱ्यांचा असतो, त्यामुळे संदेशात आजाराचे नाव आम्ही घालत नाही. क्रमांक बदलल्यास कुटुंबीयांनी तो नोंदणी खिडकीवर कळवावा, ही विनंती.