पिवळ्या-निळ्या चौकटी, पण देश कोणता?

रस्त्याचा एखादा फोटो समोर ठेवून ‘हा देश कोणता?’ असं कुणी विचारलं, तर मी आधी पोलिसांची गाडी शोधतो. समजा, गाडीच्या अंगभर पिवळे-निळे मोठे चौकोन आहेत. बहुतेक जण लगेच म्हणतात, ‘इंग्लंड!’ तिथेच फसगत होते.

ही नक्षी ब्रिटनचीच. १९९०च्या दशकात तिथल्या गृहखात्याच्या संशोधन शाखेने ती तयार केली, गाडी लांबूनच पोलिसांची म्हणून ओळखू यावी यासाठी. दिवसा भडक पिवळा डोळ्यांत भरतो, रात्री प्रकाश परतवणारा कागद चमकतो. कापल्यावर आत गुलाबी-पिवळे चौकोन दिसणाऱ्या बॅटनबर्ग केकवरून तिला ‘बॅटनबर्ग’ म्हणतात. पोलिसांसाठी पिवळा-निळा, रुग्णवाहिकेसाठी पिवळा-हिरवा. पुढे ती आयर्लंड, स्वीडन, न्यूझीलंडमध्येही पोचली. म्हणून रंगांवरून फक्त यादी आखडते; निकाल अक्षरं लावतात.

दारावर ‘गार्डा’ लिहिलं असेल तर आयर्लंड. तिथल्या पोलीस दलाच्या आयरिश नावातला हा शब्द, अर्थ रक्षक. ‘पोलिस’ हा शब्द शेवटच्या ‘ई’शिवाय असेल आणि वाहतूक उजवीकडून चालली असेल तर स्वीडन. नेहमीचं इंग्रजी ‘पोलिस’ असेल तर ब्रिटन किंवा न्यूझीलंड. मग नंबरप्लेट पाहायची: ब्रिटनमध्ये पुढची पांढरी, मागची पिवळी. सोबत ‘हेद्लू’ दिसलं तर तुम्ही वेल्समध्ये आहात; तिथल्या रुग्णवाहिकेवरही वेल्श स्पेलिंग असतं, आणि त्यात ‘डब्ल्यू’ चक्क स्वर म्हणून बसलेला असतो.

मला सगळ्यात आवडतं ते तुर्कस्तानचं टिंब. तिथेही ‘ई’शिवायच ‘पोलिस’ लिहितात, अगदी स्वीडनसारखं. पण तुर्की भाषेत टिंबाचा आणि बिनटिंबाचा ‘आय’ ही दोन वेगळी अक्षरं असल्यामुळे मोठ्या लिपीतल्या ‘आय’वरही टिंब येतं. फोटो धूसर असला की हेच टिंब नाहीसं होतं.

टॅक्सीचं गणित वेगळं, कारण तिचे रंग बऱ्याचदा देशाचे नसून शहराचे असतात. बार्सिलोनाची टॅक्सी काळी-पिवळी, मुंबईकराला घरची वाटेल अशी; माद्रिदची मात्र पांढरी, दारावर लाल तिरका पट्टा. जर्मनीत १९७१पासून हस्तिदंती रंग सक्तीचा झाला, नंतर अनेक राज्यांनी सूट दिली. त्यामुळे तिथे आता गाडीच्या रंगापेक्षा टपावरच्या पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरं जास्त भरवशाची.

फोटो जुना असेल तर मात्र सावध. जर्मन पोलिसांच्या गाड्या पूर्वी हिरव्या-पांढऱ्या असत, आता निळ्या पट्ट्यांच्या आहेत. रशियात २०११पर्यंत गाड्यांवर ‘मिलित्सिया’ असे, मग ‘पोलित्सिया’ आलं. अशा वेळी गाडी देशाबरोबर फोटोचं सालही सांगून जाते.