अंड्याचे टरफल कॅल्शियमसाठी खाता येते का? आधी उकळा, मग दळा. प्रमाण किती, जाणून घ्या

निघोजे : चाकण एमआयडीसीला लागून असलेल्या निघोजेत कंपन्यांची शिफ्ट सुटली, की भुर्जी-पावसाठी गर्दी होते आणि टरफले कचऱ्यात जातात. याच टरफलांची पूड करून खाल्ली, तर कॅल्शियमच्या गोळीचा खर्च वाचेल का? उत्तर 'हो' आहे, पण पूड कशी केली आणि किती खाल्ली यावर सगळे अवलंबून आहे.

टरफलात नेमके काय असते?

टरफलाचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट असतो. मेडिकलमधल्या अनेक कॅल्शियम गोळ्यांतही हेच असते. एक ग्रॅम पुडीतून साधारण ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. आयुर्वेदात 'कुक्कुटांडत्वक भस्म' हे टरफलाचेच औषध आहे. मात्र ते शोधन करून, पुट देऊन तयार होते. घरची पूड म्हणजे ते भस्म नव्हे.

खरा धोका कुठे?

टरफलावर साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. त्यातून जुलाब, उलट्या, ताप येतो. अनेक जण टरफले उन्हात वाळवून तव्यावर भाजतात. इथेच चूक होते. कोरड्या पदार्थात साल्मोनेला उष्णतेला जास्त काळ तग धरतो, तर उकळत्या पाण्यात लवकर मरतो. म्हणून आधी उकळणे, मग वाळवणे, हा क्रम बदलू नये.

पूड कशी करावी?

१. घरात फोडलेल्या, तडा नसलेल्या स्वच्छ अंड्यांचीच टरफले घ्या. गाडीवरची किंवा मेसच्या बादलीतली नकोत. ती किती तास पडून होती, कशात मिसळली, हे कळत नाही.

२. टरफले लगेच धुऊन, पूर्ण बुडतील इतक्या पाण्यात १० मिनिटे खळखळ उकळा. उकडलेल्या अंड्यांची असली तरी पुन्हा उकळा, कारण सोलताना हात आणि नळाचे पाणी लागलेले असते.

३. पाणी काढून टाका. टरफले स्वच्छ ताटात पसरून ओव्हनमध्ये किंवा मंद आचेवरच्या तव्यावर पूर्ण कोरडी करा. बोटाने दाबल्यावर ती कुडकन मोडली पाहिजेत.

४. कोरड्या मिक्सरमध्ये दळून मैद्याच्या चाळणीने चाळा. चिमूटभर पूड दोन बोटांत चोळून पाहा. मैद्यासारखी लागली तर ठीक. रव्यासारखी खरखरली तर पुन्हा दळा, कारण टोकदार कण तोंडाला आणि अन्ननलिकेला इजा करू शकतात.

५. थोडीच करून कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. गाठी झाल्या किंवा वास आला तर फेकून द्या.

किती खावी?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. समजा, खोली घेऊन राहणाऱ्या एका कामगाराला एक ग्लास दुधातून ३०० आणि बाकी जेवणातून ३०० मिलिग्रॅम मिळते. तूट उरली ४०० ची, म्हणजे साधारण एक ग्रॅम पुडीची. घरी वजनकाटा नसेल, तर सोपा उपाय आहे : एका अंड्याच्या टरफलाचे वजन पाच-सहा ग्रॅम असते. त्या पुडीचे सहा सारखे भाग करा, रोज एकच घ्या.

तोच कामगार अख्ख्या टरफलाची पूड एका दिवसात खाईल, तर त्यातूनच सुमारे २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जाईल. जेवणातले धरून बेरीज २,६०० होते, तर वरची मर्यादा २,५०० ची आहे. सोबत डॉक्टरांनी दिलेली गोळीही चालू असेल, तर आकडा आणखी वाढतो. अशाने बद्धकोष्ठता होते आणि पुढे मुतखड्याचा त्रासही होऊ शकतो.

पूड जेवणासोबतच घ्यावी. कार्बोनेट विरघळायला पोटातले आम्ल लागते. पिठात, वरणात किंवा दह्यात ती सहज मिसळते.

कोणी टाळावी?

मुतखडा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी ही पूड घेऊ नये. लहान मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नये. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर हवे. लोहाची गोळी आणि काही अँटिबायोटिक्सही कॅल्शियमसोबत नीट शोषली जात नाहीत. ॲसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांना या पुडीचा फायदा कमी होतो. गर्भवतींना सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळीत 'ड' जीवनसत्त्वही असते. पुडीत ते नसते. त्यामुळे ती गोळी बंद करून पूड सुरू करू नये.

घरच्या पुडीची शिशासाठी तपासणी झालेली नसते, हेही लक्षात ठेवावे. कारखान्यांजवळच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीत चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांची टरफले न वापरलेलीच बरी. उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही.