एकाच कारखान्यातले सेल, पण एका माळेचे मणी नव्हेत

फवारणी पंपाला लिथियमची नवी बॅटरी घेतली. लेबलवर 12 व्होल्ट, 6 अँपिअर-तास लिहिलेले. पण पंप ठरल्या वेळेआधीच बंद पडतो. अशा वेळी तुम्ही चार्जरला नाहीतर मोटरला दोष देता. खरी गोम बहुधा आतल्या सेलमध्ये असते.

हे दंडगोल सेल मुख्यतः चीनमधून येतात. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर बनलेले सेलही सारखे उतरत नाहीत. म्हणून कारखान्यात नवा सेल आधी सावकाश चार्ज करतात, काही दिवस ठेवून मुरवतात, मग पूर्ण भरून ठरावीक प्रवाहाने रिकामा करतात. किती अँपिअर-तास निघाले ते यंत्र मोजते. सेलचा अंतर्गत रोधही तपासतात आणि नुसता पडून राहिल्यावर व्होल्टेज किती घसरते तेही पाहतात. त्यावरून प्रतवारी लागते, अगदी आपल्या कांद्यासारखी. जुळणारे सेल एका गटात बांधून गाड्यांच्या कंपन्यांकडे जातात. मागे उरते ती गोल्टी, म्हणजे ‘बी’ ग्रेड.

हा माल टाकाऊ नसतो बरं का! एकच सेल लागणाऱ्या टॉर्चला तो छान चालतो. कारखाना तो कमी भावात व्यापाऱ्याला देतो. पुढे कोणी त्यावर नवे प्लॅस्टिकचे वेष्टन चढवतो, पूर्ण क्षमता छापतो, आणि स्वस्त पॅक तयार! शिवाय ‘ए’ कशाला म्हणायचे हे जो तो कारखाना आपापले ठरवतो, त्यामुळे नुसत्या अक्षरावर भिस्त ठेवता येत नाही.

आता हिशेब पाहा. पंपाच्या पॅकमध्ये 3.2 व्होल्टचे चार सेल एकामागे एक जोडलेले असतात. समजा, तीन सेल 6 अँपिअर-तासांचे आणि चौथा 4.8 चा. चौथा आधी रिकामा होतो आणि आतले संरक्षक सर्किट सगळा पॅकच तोडते. बाकी तिघांत प्रत्येकी 1.2 शिल्लक, पण ते तुमच्या कामाचे नाही. चार्ज करतानाही तोच आधी भरतो. सर्किट हलके असेल आणि एकेक सेल पाहत नसेल तर दुबळा सेल दरवेळी जास्त पिळला जातो आणि लवकर मरतो. आपोआप उतरणारा सेल त्याहून वाईट, कारण हंगामाबाहेर पंप कोपऱ्यात पडून असताना तो एकटाच खाली जातो.

घरी तपासायचे असेल तर पॅक पूर्ण भरा आणि मोटारीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब लावा. तो सुमारे 1.8 अँपिअर ओढतो. खरा 6 चा पॅक सव्वातीन तासांच्या आसपास चालेल, वरच्या हिशेबातला अडीच-पावणेतीन तासांत विझेल. बल्ब फार तापतो, तो कडब्याजवळ ठेवू नका. ही तपासणी बॅटरी नवी असतानाच करा आणि दुकानदाराकडून बिलावर अँपिअर-तासांचा आकडा लिहून घ्या.