कार्डियाक आउटपुटची व्हायवा: पाच लिटरपासून वीस लिटरपर्यंत

मिरज, सांगली, कराड, सातारा, मेडिकल कॉलेज कुठलेही असो, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी फिजिऑलॉजीच्या टेबलावर हा प्रश्न येऊ शकतो: "कार्डियाक आउटपुट म्हणजे काय?" पहिले वाक्य पाठ नव्हे, पक्के हवे. प्रत्येक व्हेंट्रिकल एका मिनिटात जेवढे रक्त बाहेर टाकते, ते कार्डियाक आउटपुट. यातला 'प्रत्येक' गाळू नका. तो गळला की "डावे की उजवे?" हा प्रश्न आलाच.

मग सूत्र आणि त्याला लागूनच आकडे सांगा. स्ट्रोक व्हॉल्यूम ७० मिलि, हार्ट रेट ७२. गुणाकार ५०४० मिलि, म्हणजे विश्रांतीत मिनिटाला सुमारे पाच लिटर. इथे थांबा. पुढची दिशा परीक्षकांना ठरवू द्या.

"मोजणार कसे?" असे विचारले, तर फिकचे तत्त्व सांगा. शरीर मिनिटाला २५० मिलि ऑक्सिजन वापरते. एक लिटर रक्त फुफ्फुसातून निघताना २०० मिलि ऑक्सिजन नेते आणि परतताना त्यात १५० मिलि उरलेला असतो. म्हणजे दर लिटरमागे ५० मिलि खर्च झाला. २५० भागिले ५०, उत्तर पुन्हा पाच लिटर. परतीच्या रक्ताचा नमुना पल्मनरी आर्टरीतूनच घ्यायचा. हाताच्या शिरेतले रक्त फक्त त्या हातातून आलेले असते. सगळ्या शरीराचे रक्त नीट मिसळते ते उजव्या हृदयातून पुढे गेल्यावर.

आता व्यायामाचा प्रश्न. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट धावत चढणारा तरुण डोळ्यांपुढे आणा. हार्ट रेट १८०, स्ट्रोक व्हॉल्यूम ११० मिलि धरला, तर आउटपुट होते सुमारे वीस लिटर, म्हणजे चौपट. ऑक्सिजनचा वापर मात्र ३००० मिलि, म्हणजे बारापट असू शकतो. परीक्षक विचारतील, "चौपट रक्तात बारापट ऑक्सिजन कसा भागला?" फिकचेच सूत्र उलटे वापरा. ३००० भागिले २० म्हणजे दर लिटरमागे १५० मिलि. स्नायूंनी प्रत्येक लिटरमधून तिप्पट ऑक्सिजन काढून घेतला. चार गुणिले तीन, बारा.

शेवटचा फास असा: "मग बसल्या माणसाचा हार्ट रेट पेसिंगने १८० केला, तर आउटपुट वीस लिटर होईल का?" नाही. ठोके वाढले की डायस्टोल आखडतो, व्हेंट्रिकल भरायला वेळ कमी मिळतो आणि स्ट्रोक व्हॉल्यूम घटतो. घाटात पायांचे स्नायू शिरांमधले रक्त हृदयाकडे ढकलत असतात आणि सिम्पथेटिक नसांमुळे हृदय जोराने व झटपट आकुंचते. खुर्चीत बसलेल्याकडे यातले काहीच नाही. हृदय तेवढेच बाहेर टाकू शकते, जेवढे त्याच्याकडे परत येते. उत्तराचा शेवट याच वाक्यावर करा.