सव्वा तासाचं व्याख्यान, एकच चित्र

व्याख्यानमालेचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकायला बसलेला कार्यकर्ता पहिल्याच पायरीवर अडतो. आवाजाची फाइल यूट्यूब घेतच नाही. एमपीथ्री असो, वेव्ह असो की फोनची एमफोरए, तिथे व्हिडिओच लागतो. वक्त्याचं शूटिंग तर कुणी केलेलं नसतं. टेबलावर माइकशेजारी फोन ठेवून केलेलं रेकॉर्डिंग तेवढं हाती असतं. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. महाराष्ट्रात तशा व्याख्यानमाला गावोगावी चालत आल्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी वक्त्यांचा आवाज आज फक्त कुणाच्या कपाटातल्या कॅसेटवर नाहीतर फोनच्या मेमरीत पडून आहे. एका चित्राच्या आधाराने तो घरोघरी पोचू शकतो. हे काम फुकट आणि घरच्या साध्या संगणकावर होतं. मात्र करताना दोन-तीन जागी चूक होते, आणि ती चूक अपलोड झाल्यावरच कळते.

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातलं वाचनालय, सव्वा तासाचं व्याख्यान, फोनवर केलेलं एमफोरए रेकॉर्डिंग आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली निमंत्रणपत्रिका. बहुतेक जण ही दोन्ही फोनमधल्या एखाद्या व्हिडिओ एडिटिंग अ‍ॅपमध्ये टाकतात. अ‍ॅप काम करतं, पण ते सेकंदाला तीस चित्रं या हिशेबाने व्हिडिओ बनवतं. सव्वा तास म्हणजे ४,५०० सेकंद. म्हणजे एकच निमंत्रणपत्रिका १,३५,००० वेळा नव्याने तयार होते. फोन तापतो, वेळ जातो, आणि या खटाटोपात आवाजही पुन्हा दाबला जातो. खरं नुकसान तिथे होतं, कारण इथे ऐकणाऱ्याच्या कामाचा फक्त आवाज आहे. चित्र हे निव्वळ मुखपृष्ठ.

म्हणून मी एफएफएमपेग हा मोफत प्रोग्रॅम वापरायला सांगतो. विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे तो चालतो. त्याला बटणं नाहीत. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करावी लागते. तेवढ्याने बिचकू नये, कारण एकदा जमलेली ओळ पुढच्या प्रत्येक व्याख्यानाला फाइलचं नाव आणि लांबी बदलून वापरता येते.

आधी चित्र. निमंत्रणपत्रिका जशीच्या तशी वापरू नये. ती उभी असते आणि व्हिडिओचा पडदा आडवा, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं चित्र दाबलेलं असतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा फुटतात. लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये १६:९ आकाराची एक स्लाइड करावी. तिच्यावर विषय, वक्त्याचं नाव, तारीख आणि संस्थेचं नाव एवढंच मोठ्या अक्षरात लिहावं, आणि ती पीएनजी म्हणून १२८० बाय ७२० पिक्सेलमध्ये एक्सपोर्ट करावी. उजवीकडचा खालचा कोपरा मोकळा ठेवावा, कारण यादीत दिसणाऱ्या छोट्या चित्रावर यूट्यूब नेमकी तिथे व्हिडिओची लांबी छापतं. तारीख तिथे लिहिलेली असली तर झाकली जाते.

चित्राची रुंदी आणि उंची दोन्ही सम संख्या हव्यात. १३५१ पिक्सेल उंचीचं चित्र दिलं, तर `height not divisible by 2` असा संदेश येऊन काम तिथेच थांबतं. १२८० बाय ७२० घेतलं की हा प्रश्न उरत नाही.

मग आवाज किती मोठा आहे ते मोजावं. कानावर विसंबू नये, कारण आपण हेडफोन लावून ऐकतो आणि श्रोता स्वयंपाक करताकरता फोनच्या स्पीकरवर.

```
ffmpeg -i vyakhyan.m4a -af ebur128 -f null -
```

भराभर आकडे सरकतात. सगळ्यात शेवटी `Integrated loudness` या शीर्षकाखाली `I:` समोर एक उणे आकडा दिसतो, तोच आपल्या कामाचा. तो -16 LUFS च्या आसपास असला तर आवाजाला हात लावायचा नाही. -29 किंवा -30 असला तर रेकॉर्डिंग फार हळू आहे. यूट्यूब साधारण -14 पेक्षा मोठा आवाज स्वतःच खाली आणतं, पण हळू आवाज वर उचलत नाही. तो आपल्यालाच उचलावा लागतो.

पुढे लांबी. तीही अचूक हवी:

```
ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 vyakhyan.m4a
```

समजा उत्तर आलं `4503.274`. आता मुख्य ओळ. ती एकाच ओळीत टाइप करायची:

```
ffmpeg -loop 1 -framerate 2 -i chitra.png -i vyakhyan.m4a -c:v libx264 -tune stillimage -pix_fmt yuv420p -g 40 -c:a copy -t 4503.274 -movflags +faststart vyakhyan.mp4
```

`-loop 1` म्हणजे चित्र पुन्हा पुन्हा दे, आणि `-framerate 2` म्हणजे सेकंदाला दोनदाच दे. १,३५,००० चित्रांच्या जागी साधारण ९,००० झाली. चित्र हलतच नसल्यामुळे पाहणाऱ्याला काही फरक पडत नाही.

`-c:a copy` हा या ओळीचा गाभा. आवाज उकलून पुन्हा दाबू नकोस, आहे तसा नव्या फाइलमध्ये ठेव, असं तो सांगतो. फोनची एमफोरए फाइल बहुधा एएसी या प्रकाराची असते आणि एमपीफोर व्हिडिओत एएसी जशीच्या तशी बसते. अपलोड झाल्यावर यूट्यूब आवाज एकदा दाबणारच आहे, ते आपल्या हातात नाही. त्याआधीचं एक दाबणं मात्र इथे वाचतं.

`-pix_fmt yuv420p` विसरलं तर घोटाळा लवकर लक्षात येत नाही. पीएनजीतल्या रंगांची सगळी बारीक माहिती जपायची म्हणून एफएफएमपेग `yuv444p` नावाचा प्रकार निवडतो. तो व्हीएलसीमध्ये व्यवस्थित चालतो, पण अनेक टीव्ही, फोन आणि ब्राउझर तो उघडत नाहीत. आपल्या संगणकावर सगळं ठीक आणि वाचनालयाच्या टीव्हीवर काळा पडदा, असं झालं की पहिला संशय यावरच घ्यावा.

`-g 40` हे ज्यांना हीच फाइल पेनड्राइव्हवरही द्यायची आहे त्यांच्यासाठी. व्हिडिओत ठरावीक अंतरावर पूर्ण चित्र साठवलेलं असतं, आणि पुढे-मागे सरकवताना अनेक प्लेअर त्या जागांवरच थांबतात. काही न सांगितल्यास ते अंतर २५० चित्रांपर्यंत जातं, म्हणजे आपल्या वेगाने दोन मिनिटं पाच सेकंद. श्रोत्याला एक वाक्य पुन्हा ऐकायचं असतं आणि प्लेअर त्याला दोन मिनिटं मागे नेतो. ४० लिहिलं की हे अंतर वीस सेकंदांवर येतं. याहून फार खाली जाऊ नये, कारण प्रत्येक पूर्ण चित्र जागा घेतं आणि फाइल फुगते.

आता `-t`. हेच काम करणाऱ्या ज्या ओळी लोक एकमेकांना पाठवतात, त्यांत इथे बहुधा `-shortest` असतं. आवाज संपला की व्हिडिओ थांबव, असा त्याचा अर्थ. पण व्हिडिओ दाबणारा भाग काही डझन चित्रं आधीच घेऊन बसलेला असतो. सेकंदाला तीस चित्रं असतील तर ती सेकंद-दीड सेकंदात संपतात. सेकंदाला दोनच असतील तर तेवढ्याच चित्रांची पंधरा-वीस किंवा अधिक सेकंदं होतात. व्याख्यान संपतं, टाळ्या थांबतात आणि नंतर बराच वेळ नुसतं चित्र राहतं. श्रोत्याला वाटतं, शेवट कापला गेला. मोजलेली लांबी `-t` ने दिली की व्हिडिओ आवाजाबरोबर संपतो. तयार फाइलची लांबी पुन्हा `ffprobe` ने पाहावी. मूळ लांबीत आणि तिच्यात सेकंदाहून जास्त फरक नसावा.

आवाज हळू होता त्यांनी `-c:a copy` च्या जागी एवढं लिहावं:

```
-af loudnorm=I=-16:TP=-1.5:LRA=11 -c:a aac -b:a 128k -ar 48000
```

इथे आवाज पुन्हा दाबला जातो, पण ऐकूच न येणाऱ्या व्याख्यानापेक्षा ते केव्हाही परवडलं. शेवटचं `-ar 48000` गाळू नये. आवाज समतोल करणारा हा भाग आतल्या आत नमुन्यांची संख्या सेकंदाला १,९२,००० पर्यंत वाढवतो, आणि ती खाली आणायला सांगितलं नाही तर फाइल विनाकारण वेगळ्याच मापाची होते. वक्त्याच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि पहिल्या रांगेतला खोकलाही वर येतो, याला इलाज नाही. म्हणून आधी `-t 120` देऊन दोन मिनिटांचा तुकडा करून ऐकावा.

फाइल किती मोठी होईल? १२८ किलोबिटच्या आवाजाचे सव्वा तासात ७२ एमबी होतात. चित्राची त्यात थोडी भर पडते. म्हणजे गावच्या मोबाइल इंटरनेटवरूनही अपलोड करता येईल एवढी ती आटोपशीर असते.

अपलोड करण्याआधी खातं फोन नंबरने पडताळून घ्यावं. तसं केलं नसेल तर यूट्यूब १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ घेत नाही. पडताळल्यावर मर्यादा १२ तासांची होते. पडद्यावर काही हलत नसल्यामुळे श्रोत्याला कुठे काय आहे ते कळायला वाव नसतो. म्हणून वर्णनात वेळेसह मुद्दे लिहावेत. पहिली वेळ `0:00` असावी, निदान तीन मुद्दे असावेत आणि प्रत्येक मुद्दा किमान दहा सेकंदांचा असावा, म्हणजे यूट्यूब त्यांचे आपोआप विभाग पाडतं. प्रश्नोत्तरं कुठे सुरू होतात ते तरी नक्की लिहावं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला एखादं ध्वनिमुद्रित गाणं लावलेलं असेल तर तो भाग कापलेला बरा, नाहीतर गाण्याच्या मालकाचा दावा सगळ्या व्हिडिओवर लागतो. कापलं तर लांबी पुन्हा मोजायची.

एक गोष्ट संयोजकांनी टाळू नये. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार जाहीर भाषणाचा पहिला हक्क भाषण करणाऱ्याचा असतो, कार्यक्रम ठेवणाऱ्या संस्थेचा नाही. मानधन दिलं, सभागृह आपलं होतं, एवढ्याने परवानगी मिळत नाही. वक्त्याकडून, आणि वक्ता हयात नसेल तर वारसांकडून, दोन ओळींचं लेखी पत्र घ्यावं. आणि अपलोड झालं म्हणून फोनमधलं मूळ रेकॉर्डिंग पुसू नका. यूट्यूबवरून परत मिळणारी प्रत दाबलेली असते. मूळ फाइल वाचनालयाच्या संगणकावर आणि वेगळ्या एका डिस्कवर ठेवा, आणि तिच्या नावात वक्ता, विषय व तारीख लिहा.